साहेबांनी वाचलेला अहवाल

वकिलीची सनद घेऊन मी अमरावतीच्या कोर्टात उभी राहू लागले तेव्हा माझं सगळं जग राजापेठेतली भाड्याची खोली, एक जुनी लूना आणि माझे सीनियर एवढंच होतं. सीनियर मूळचे परतवाड्याचे. घराण्याचा लाकडाचा व्यापार होता, तो भावांकडे सोडून ते कायद्यात आले होते. घरी उर्दू, कोर्टात मराठी, आणि चिडले की अस्सल वऱ्हाडी. मला ते ‘बेटा’ म्हणत आणि माझ्या प्रत्येक अर्जातली निम्मी वाक्यं खोडत.

मावशी त्यांच्याकडे आल्या त्या परतवाड्याच्या ओळखीनं. मावशी म्हणजे माझ्या नात्यातल्या कोणी नव्हेत. पहिल्याच दिवशी माझ्या तोंडून तसं निघालं आणि तेच राहिलं. त्यांचं माळ्याचं कुटुंब, मेळघाटाच्या पायथ्याशी एका नाल्याकाठी झेंडू आणि शेवंती लावायचं. वरच्या अंगाला सरकारनं मातीचा लहान तलाव बांधला होता. वऱ्हाडात तेव्हा सिंचनाच्या अनुशेषाची ओरड चालली होती, मुंबई-दिल्लीहून समित्या येत होत्या, आणि जिथं जमेल तिथं घाईनं पाणी अडवणं सुरू होतं. भादव्यातल्या एका पहाटे त्या तलावाची भिंत फुटली. मावशींचा नवरा आणि लग्न ठरलेली मुलगी फुलं तोडत होते. मावशी भरलेली टोपली घेऊन वर सडकेवर जीपची वाट पाहत उभ्या होत्या. म्हणून त्या वाचल्या, आणि म्हणूनच त्यांनी सगळं पाहिलं.

“फुटाच्या आधी कितीक दिवस भिंतीच्या बुडातून पाणी झिरपे,” त्या पहिल्या भेटीत म्हणाल्या. “आधी साफ येत होतं. मग गढूळ येऊ लागलं. हे म्हणे, साहेब लोकं येऊन पाहून गेले, ते करतीन काही.”

“कोण साहेब?” सीनियरांनी विचारलं.

“जीपवाले. टेप लावून मोजलं त्यायनं. वहीत लिहून नेलं.”

सीनियरांनी पेन खाली ठेवलं. मातीच्या भिंतीतून स्वच्छ पाणी झिरपणं वेगळं आणि गढूळ येणं वेगळं, हे त्यांनी मला नंतर समजावलं. गढूळ म्हणजे आतली माती वाहून चालली आहे. म्हणजे भिंत आतून पोकळ होते आहे, आणि ती पाहून गेलेल्या माणसाला ते कळायला हवं.

सरकारनं मदत दिली होती. मावशींना ती नको होती असं नाही, पण त्यांना विचारायचं वेगळंच होतं. “त्यायले ठाऊक होतं का नोतं, एवढंच मले पाह्यजे,” त्या म्हणाल्या. “ठाऊक नसन, तर नशीब म्हणून मी गप बसतो. ठाऊक असन, तर कोणी आमाले काहून नाई सांगतलं? एक माणूस पाठवला असता तरी आमी खालून उठून गेलो असतो.”

एवढ्या साध्या प्रश्नासाठी कोर्टात नुकसानभरपाईचा दावाच लावावा लागतो. कायद्याप्रमाणे आधी सरकारला नोटीस दिली, मुदत संपू दिली, आणि दिवाणी कोर्टात दावा दाखल केला. सरकारचं उत्तर आलं: पाऊस असाधारण झाला, ही दैवी आपत्ती आहे, भिंत सुस्थितीत होती, कोणाचाही हलगर्जीपणा नाही. पावसाच्या नोंदींचा तक्ता सोबत जोडला होता.

आता हलगर्जीपणा आम्ही सिद्ध करायचा होता. फुटलेली भिंत दाखवायची तर ती उरली नव्हती. खात्यानं त्याच हिवाळ्यात तिथं नवी भिंत बांधून टाकली होती. बाहेरच्या एखाद्या तज्ज्ञाला नेऊन काय दाखवणार? राहिली एकच गोष्ट. फुटल्यानंतर खात्याच्या एका वरिष्ठ अभियंत्यानं चौकशी केली होती आणि तिचा अहवाल मंत्रालयात गेला होता. आधीच्या पाहणीची टिपणंही त्यालाच जोडलेली होती. तो अहवाल हजर करावा, असा अर्ज आम्ही दिला. तो मीच लिहिला होता. सीनियरांनी त्यातलं एकही वाक्य खोडलं नाही, याचाच मला फार आनंद झाला होता.

पुढच्या तारखेला खात्याच्या उपअभियंत्याचं प्रतिज्ञापत्र आलं. अहवाल हा राज्यकारभाराशी संबंधित, प्रसिद्ध न झालेला सरकारी दस्तऐवज आहे, तो उघड करणं लोकहिताला बाधक आहे, सबब पुरावा कायद्याच्या कलम एकशे तेवीसखाली सरकार विशेषाधिकार सांगत आहे. बस. काय बाधक आहे, कसं बाधक आहे, एक अक्षर नाही.

सीनियर त्या दिवशी पेटले होते. “साहेब, हा अधिकार कोणी बी उठून सांगावा असा नाई,” ते कोर्टाला म्हणाले. “खात्याच्या प्रमुखानं सांगावा लागते. त्यानं स्वतः कागद वाचला पाह्यजे, त्यातलं काय उघड झालं तर लोकांचं काय नुकसान होईल ते शपथेवर सांगतलं पाह्यजे. या उपअभियंत्यानं अहवाल वाचला असंही यात लिहिलं नाई. आणि कागद कोर्टात आणावाच लागते. हरकत खरी का खोटी हे ठरवणार कोर्ट, खातं नाई.”

न्यायाधीश चाळिशीच्या आतबाहेरचे होते. कमी बोलायचे आणि स्वतःच्या हातानं भराभर टिपून घ्यायचे. त्यांनी ते प्रतिज्ञापत्र अपुरं ठरवलं आणि खात्याच्या सचिवांनी स्वतः दस्तऐवज पाहून रीतसर प्रतिज्ञापत्र द्यावं, अहवाल सीलबंद पाकिटात कोर्टापुढे आणावा, असा हुकूम केला.

मावशी मागच्या बाकावर बसल्या होत्या. मी धावत जाऊन त्यांना सांगितलं. सगळ्या दाव्यात मला आशा वाटली असा तो पहिला दिवस.

सचिवांचं प्रतिज्ञापत्र मुंबईहून यायला पुष्कळ तारखा गेल्या. आलं ते मात्र नीट लिहिलेलं होतं. सचिवांनी अहवाल स्वतः वाचला होता. त्यात अधिकाऱ्यांनी वरिष्ठांना मोकळेपणानं दिलेली मतं आहेत. ती चव्हाट्यावर आली तर यापुढे कोणताही अधिकारी खरं ते लिहिणार नाही, सांभाळून लिहील, आणि त्यानं धरणांच्या सुरक्षिततेचंच नुकसान होईल. सीनियरांनी ते दोनदा वाचलं.

“हे कच्चं नाई, बेटा,” ते म्हणाले. “हे लिहिणाऱ्याले कायदा येते.”

सरकारी वकील आमच्याच बार रूममध्ये बसायचे. सरळ माणूस. मी त्यांना चहावर विचारलंच, “तुम्ही वाचलाय का हो अहवाल?”

“मी? मले कोण दाखवते?” ते हसले. “पाकीट सील होऊन आलं, सील असंच माझ्या हातातून साहेबांकडे जाणार. मी फक्त उभा राहून सांगायचं, की दाखवू नका.” मग हसू आवरून म्हणाले, “आणि खरं सांगू का, न वाचलेलं बरं. संध्याकाळी घरी जावं लागते.”

पाकिटाच्या दिवशी खात्याचे एक अधिकारी ते छातीशी धरून आले होते. लाखेचे ठसे होते. न्यायाधीशांनी दोन्ही बाजूंसमोर सील तपासलं, मग ते घेऊन चेंबरमध्ये गेले आणि दार लागलं. आम्ही बाहेर व्हरांड्यात. मावशींनी डब्यातली भाकर काढली आणि न खाता पुन्हा बांधून ठेवली.

“आत वाचून राहिले ना ते?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“सगळं?”

“सगळं वाचतील.”

“मंग त्यायले तर समजन.”

साहेब पुन्हा आसनावर आले तेव्हा सगळे उभे राहिले. त्यांनी पाकीट शिरस्तेदारांकडे पुन्हा सील करायला दिलं, निकाल पुढच्या तारखेला ठेवला. आणि उठण्याआधी त्यांनी मागच्या बाकाकडे पाहिलं. मावशींकडेच पाहिलं. क्षणभरच, मग ते खाली बघू लागले. मला तो भास वाटला असता, पण बाहेर आल्यावर मावशींनी माझं मनगट धरलं.

“त्यायनं मायाकडे पाह्यलं,” त्या म्हणाल्या. “त्यायले समजलं, वकीलबाई. काही तरी हाय त्याच्यात.”

मी म्हणाले, तसं काही नसतं मावशी, न्यायाधीश सगळ्यांकडेच पाहतात. मलाच ते पटलं नव्हतं.

हुकूम झाला तो असा: अधिकाऱ्यांची मतं आणि शेरे यांना विशेषाधिकाराचं संरक्षण आहे, ते उघड करू नयेत. पण अहवालातली केवळ वस्तुस्थिती, म्हणजे पाहणीच्या नोंदी, मापं, मातीच्या तपासण्या, हा राज्याचा गुपित कारभार नव्हे. तेवढा भाग वेगळा काढून वादीला द्यावा. तोपर्यंत पाकीट कोर्टाकडून खात्याच्या ताब्यात परत. सीनियर हुकूम हातात घेऊन जिन्यावरच बसले. तेवढ्या भागात आमचं सगळं होतं. गढूळ पाणी कोणी, कधी पाहिलं, ते पाहणीच्या नोंदीत असणारच.

सरकार नागपूरला हायकोर्टात गेलं आणि त्या हुकमाला स्थगिती मिळाली.

नागपूरच्या फेऱ्यांचं काय सांगू. पहाटेची बस, बोर्डावर आमचा नंबर शेवटाकडे, दुपारी कळायचं की आज पोचणार नाही. मावशी प्रत्येक वेळी यायच्या. मी नका येऊ म्हटलं तरी यायच्या. त्यांनी जमीन वाट्यानं दिली होती आणि दर्यापूरला धाकट्या भावाकडे राहायला गेल्या होत्या. तिथली काळी जमीन, कापूस-सोयाबीनचा मुलूख, फुलाचं नाव नाही. “तिकडे बरं,” त्या म्हणायच्या. “झेंडू दिसत नाई.”

शेवटी सुनावणी झाली. सरकारची बाजू मांडायला मोठे वकील होते. त्यांचं म्हणणं, या अहवालात वस्तुस्थिती आणि मत असं चाकूनं कापता येत नाही. अमुक दिसलं असं लिहिलं तिथंच त्याचा अर्थ काय हेही लिहिलं आहे. सीनियर चांगले बोलले. लोकहित दोन्हीकडे असतं, म्हणाले. कारभार नीट चालणं हे लोकहित, तसं न्याय होणं हेही लोकहित, कोर्टानं दोन्ही तराजूत घालावं. न्यायमूर्तींनी शांतपणे ऐकलं, पाकीट मागवून पाहिलं, आणि निकाल दिला: मजकूर परस्परात इतका गुंतलेला आहे की वेगळा करता येत नाही, सचिवांचं प्रतिज्ञापत्र पुरेसं आहे, विशेषाधिकार संपूर्ण अहवालाला आणि त्याला जोडलेल्या टिपणांना लागू. अमरावतीचा हुकूम रद्द. दावा पुढे चालवावा.

म्हणजे आता तो कागद वाचलेली माणसं वाढली होती. सचिव, दोन न्यायाधीश, लिहिणारे, टाइप करणारे. वाचता येणार नव्हता तो फक्त मावशींना.

परतीच्या बसमध्ये सीनियरांनी त्यांना अजून एक गोष्ट समजावली, आणि ती समजावताना ते खिडकीबाहेर पाहत होते. “एरवी कोणी कागद दाबून ठेवला, तर कोर्ट म्हणते, याच्यात त्याच्या विरुद्धच असन, म्हणून दाबला. पण आता कायद्यानंच परवानगी दिली दाबायची. मंग तसं म्हणता येत नाई. लपवला म्हणून काही वाईट धरता येत नाई.”

बस कारंज्याच्या अलीकडे थांबली तेव्हा मावशी म्हणाल्या, “म्हणजे तो कागद नाईच असं समजाचं?”

“हो.”

“अन् माये दोघं?”



एक वाट राहिली होती. जीपमधून आलेला, टेप लावून मोजणारा कनिष्ठ अभियंता. तो निवृत्त होऊन अकोल्याला राहत होता. सरकारी दस्तऐवजातून मिळालेली माहिती त्याला परवानगीशिवाय सांगता येत नव्हती, पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगायला कायद्याची आडकाठी नव्हती. मी एकटीच गेले. रेल्वे लाइनीपलीकडच्या एका कॉलनीत घर होतं, दारात तुळस, कट्ट्यावर वाळत घातलेल्या कुरड्या. त्यांच्या पत्नीनं चहा दिला आणि त्या दाराच्या चौकटीतच उभ्या राहिल्या.

मी कोण ते सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. म्हाताऱ्या माणसाला समन्स म्हणजे काय वाटतं हे मला कळत होतं.

“तुम्ही स्वतः काय पाहिलं तेवढंच सांगायचं आहे,” मी म्हणाले. “अहवालातलं काही नाही.”

“मी काय पाह्यलं ते मी लिहून दिलं होतं मॅडम,” ते म्हणाले. “त्याच दिवशी. माझं काम मी केलं.”

“काय लिहिलं होतं?”

ते पत्नीकडे पाहू लागले. पत्नी म्हणाल्या, “यायचं पेन्शन अजून पुरतं लागलं नाई. तात्पुरतं देऊन राहिले.”

“कोर्टात विचारतीन तर सांगीन,” ते म्हणाले. “जे आठवन ते.”

सीनियरांनी त्यांना साक्षीला बोलावलं. तोवर आमचे न्यायाधीश बदलून दुसऱ्या जिल्ह्यात गेले होते. नवे आले होते, ज्यांनी पाकीट कधी पाहिलंच नव्हतं. साक्षीदारानं शपथ घेतली. सीनियरांनी विचारलं, भिंत फुटण्यापूर्वी तुम्ही तिथं गेला होता का? गेलो होतो. पाणी झिरपत होतं का? सरकारी वकील उठले, हरकत घेतली. हे अहवालातून आलेलं ज्ञान आहे. सीनियर म्हणाले, डोळ्यांनी पाहिलेलं विचारतो आहे. कोर्टानं प्रश्न मंजूर केला.

“झिरपत होतं,” साक्षीदार म्हणाले. “तसं थोडंफार प्रत्येक मातीच्या बांधातून झिरपतेच.”

“पाणी साफ होतं का गढूळ?”

मावशी बाकावर पुढे सरकल्या.

“बरेच बांध पाह्यले मी नोकरीत,” ते म्हणाले. “या बांधाचं नक्की आठवत नाई. माझं टिपण पाह्यल्याशिवाय सांगता येणार नाई.”

टिपण पाकिटात होतं. कायदा साक्षीदाराला स्वतःच्या त्या वेळच्या टिपणावरून आठवण ताजी करू देतो, पण हे टिपण कोणालाच दाखवता येत नव्हतं, त्यालाही नाही. सीनियरांनी आणखी दोन-तीन प्रश्न फिरवून पाहिले. प्रत्येक वेळी तेच उत्तर आलं, टिपण पाहावं लागेल. मग सीनियर खाली बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं मध्येच बसताना पाहिलं नव्हतं.

साक्षीदार पिंजऱ्यातून उतरले आणि मावशींच्या बाकाजवळून जाताना त्यांनी हात जोडले. मावशींनी जोडले नाहीत.

त्यांची स्वतःची साक्ष आधीच झाली होती. त्यांनी गढूळ पाण्याचं सांगितलं होतं. सरकारी वकिलांनी उलटतपासात अगदी नम्रपणे विचारलं होतं, “बाई, तुम्ही इंजिनियर आहात का? पावसाळ्यात नाल्याचं पाणी गढूळ नसते का?” मावशी म्हणाल्या होत्या, असते. तेवढंच कोर्टानं लिहून घेतलं.

दावा फेटाळला गेला. निकालपत्र मी वाचलं, ते चुकीचं नव्हतं. वादीच्या दुःखाबद्दल सहानुभूती होती. वादीनं हलगर्जीपणा सिद्ध केलेला नाही. प्रतिवादीचा अहवाल कायद्यानं संरक्षित असल्यानं तो न दाखवल्याबद्दल कोणताही प्रतिकूल तर्क काढता येत नाही. पावसाच्या नोंदी असाधारण वृष्टी दाखवतात. ज्या कागदांना काही लपवायचं नव्हतं ते सगळे कोर्टापुढे होते आणि ते सगळे सरकारच्या बाजूनं बोलत होते.

सीनियर म्हणाले, अपील करू. मावशी म्हणाल्या, नको.

“काहून?”

“तिथं बी तो कागद नसनच ना?”

त्यानंतर वर्षभरात सीनियरांनी कोर्टात येणं कमी केलं. गुडघे दुखतात म्हणायचे. मी त्यांच्या टेबलावर बसू लागले.

मग माहितीच्या अधिकाराचा कायदा आला. सगळ्या बार रूममध्ये त्याची चर्चा होती. मीच दर्यापूरला निरोप पाठवला. मावशी आल्या, डोळ्यांना चष्मा लागला होता. मी त्यांना म्हणाले, नवा कायदा आहे, आता नाही म्हणायला त्यांना कारण द्यावं लागेल, आणि लोकहित मोठं असेल तर गुपितही उघडावं लागेल. दावा संपलाय, पण तुम्हाला दाव्यासाठी नको होतंच. मला वाटत होतं, निदान त्यांना वाचून तरी दाखवता येईल.

त्यांनी अर्जावर सही केली. सही करायला त्या दाव्याच्या वर्षांतच शिकल्या होत्या, तारखांच्या रजिस्टरवर अंगठा देऊन देऊन कंटाळल्या म्हणून.

उत्तर माझ्या पत्त्यावर आलं. नकार नव्हता. कार्यालयांच्या विलीनीकरणात आणि स्थलांतरात सदर नस्ती आढळून येत नाही, शोध घेण्यात आला. मी वरच्या अधिकाऱ्याकडे अपील केलं. त्यांनीही शोध घेतला. मंत्रालयाकडे विचारलं, तर प्रत विभागीय कार्यालयाकडे परत पाठवली होती असं कळलं. कोर्टातलं पाकीट तर हुकमाप्रमाणे खात्यालाच परत गेलेलं.

मावशींना मी बोलावून घेतलं आणि उत्तर वाचून दाखवलं. त्यांनी ‘नस्ती’ म्हणजे काय ते विचारलं. मी म्हणाले, फाइल. फाइल सापडत नाही.

“हरवली?”

“तसं लिहिलंय.”

“मंग आता कोणालेच वाचता येणार नाई?”

“नाही.”

त्यांनी कागद माझ्या हातून घेतला, खालची सही आणि शिक्का बोटानं चाचपून पाहिला आणि परत माझ्याच टेबलावर ठेवला. “हा तुमीच ठिवा,” म्हणाल्या. “माया घरी काय करू याचं.”

मी त्यांना बस स्टँडपर्यंत सोडायला गेले. दर्यापूरची गाडी उशिरा होती. आम्ही बाकावर बसलो. समोर एक पोऱ्या गजरे विकत होता, त्यांनी तिकडे पाहायचं टाळलं. मध्येच त्या म्हणाल्या, “ते पहिले साहेब, ज्यायनं वाचलं होतं, ते आता कोठी असतीन?”

मी म्हणाले, माहीत नाही. कदाचित निवृत्त झाले असतील.

“त्यायले तरी आठवत असन,” त्या म्हणाल्या. मग गाडी लागली, आणि गर्दीत जागा धरायला त्या उठल्या.